मध्यंतराची पाच मिनिटे

गेल्या हिवाळ्यात शालेय कबड्डीचे अंतिम सामने पाहायला आम्ही नांदेडला गेलो होतो. आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी लातूरच्या संघातून खेळत होती. तिच्या अम्मीला एकटीने जायचे नव्हते, म्हणून पहाटेच्या एसटीने अहमदपूर, लोहा करत आम्ही दोघीतिघी तिच्यासोबत निघालो. मुलीच्या अब्बूंनी निघताना एकच गोष्ट बजावली होती. "तिचे सर तिला सगळ्यांसमोर कसे बोलतात, ते बघून या. पोरगी खेळते त्याला माझी हरकत नाही. पण तिचा अपमान होत असेल तर पुढच्या वर्षी पाठवणार नाही."

म्हणजे आम्ही सामना पाहायला गेलो होतो आणि एका अर्थाने सरांची परीक्षा घ्यायलाही. ती परीक्षा मध्यंतरात झाली, कारण तेव्हा लातूरच्या मुली ११ विरुद्ध १९ अशा मागे होत्या.

ज्यांच्या घरात कोणी खेळत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग आणि त्यानंतर राज्य. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे लातूर विभागात येतात, त्यामुळे या दोन जिल्ह्यांच्या मुली शेवटी एकमेकींसमोर उभ्या राहतात. मुलींच्या सामन्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग असतात आणि मध्ये पाच मिनिटे विश्रांती. या पाच मिनिटांतच पाणी प्यायचे, खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी लावायची, श्वास जागेवर आणायचा आणि सरांचे ऐकायचे. बोलायला खरे पाहता दोन-अडीच मिनिटे उरतात.

आम्ही दोरीच्या अगदी जवळ बसलो होतो. शिट्टी वाजली तशा मुली मान खाली घालून आल्या. एक रडत होती. आमच्या शेजारच्या अम्मीने ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरले होते. आता सर ओरडणार, असे आम्हा सगळ्यांनाच वाटले.

पहिला एक मिनिट सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी बाटल्या दिल्या आणि सगळ्यांना गोल बसायला सांगितले. त्यांच्या हातात वहीचा एक कागद होता. पूर्वार्धात राखीव मुलींपैकी एक त्यावर रेघा ओढत होती हे आम्ही पाहिले होते, पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. समोरच्या संघाला गुण कुठून मिळाले याची ती नोंद होती. सामना संपल्यावर आम्ही तो कागद मागून घेतला, म्हणून हे आकडे सांगता येतात.

नांदेडच्या १९ गुणांपैकी ८ गुण आपल्या मुलींच्या पकडी करून मिळाले होते. त्यांच्या चढाईत आपल्या मुली बाद झाल्या त्याचे ५, बोनसचे ४ आणि एका लोणाचे २. लोण म्हणजे समोरचा सगळा संघ बाद करणे, त्याचे दोन गुण जास्तीचे मिळतात. आपल्या ११ गुणांत चढाईचे ६, बोनसचे २ आणि पकडीचे ३ होते.

हे आकडे वाचले की दोष कुठे होता ते दिसते. नांदेडच्या चढाया फार भारी होत्या असे नाही. आपल्याच मुली त्यांच्या अंगणात जाऊन अडकत होत्या. त्या ८ पकडींपैकी ६ एकाच ठिकाणी झाल्या होत्या, त्यांच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे उभी असलेली मुलगी घोटा धरण्यात तरबेज होती. आपली चढाईपटू आत गेली की वळताना तिच्याकडे पाठ व्हायची आणि ती खाली वाकून पाय धरायची. एकदा पाय अडकला की मधल्या दोघी वरून येऊन मिठी मारायच्या. मागे पडल्यावर आपल्या मुलींनी घाई केली, आणि घाई केली की माणूस सवयीच्या बाजूने जातो. सवयीची बाजू तीच होती.

मग सर बोलले. आवाज चढलेला होता, हे मान्य करावे लागेल. "मला राग आलाय," असे म्हणूनच त्यांनी सुरुवात केली. "राग हरण्याचा नाही. सहा वेळा त्याच कोपऱ्यात गेलो आपण. एकदा चुकलं तर चूक, सहा वेळा म्हणजे बघायचंच सोडून दिलंय." मुलींच्या माना आणखी खाली गेल्या. अम्मीने आमच्याकडे पाहिले.

पण ते तिथे थांबले नाहीत. रागाची दोन वाक्ये झाल्यावर त्यांनी प्रश्न विचारला, "त्यांच्या किती जणी आत आहेत?" कोणालाच नक्की सांगता आले नाही. "चार," सर म्हणाले. "आपल्या पाच."

हा प्रश्न या खेळात फार मोलाचा आहे. मध्यंतरानंतर सगळे काही नव्याने सुरू होते असे पुष्कळ प्रेक्षकांना वाटते. कबड्डीत तसे होत नाही. पूर्वार्ध संपताना जितके खेळाडू मैदानात असतील, तितक्यांवरच उत्तरार्ध सुरू होतो. फलकावर आठ गुणांची पिछाडी दिसत होती, पण मैदानात नांदेडच्या चौघीच उरल्या होत्या. त्या चौघींना बाद केले की चार गुण आणि लोणाचे दोन, असे सहा गुण मिळणार होते. म्हणजे आठ गुणांचा डोंगर एका लोणाने जवळजवळ सपाट होत होता. शिवाय समोर सहापेक्षा कमी बचावपटू असले की चढाई करणारीला बोनस मिळत नाही. आपल्या पाचच मुली आत होत्या, म्हणून नांदेडलाही तूर्तास बोनस नव्हता.

सरांनी हा हिशेब बोटांवर मांडला. रडणाऱ्या मुलीने डोळे पुसून वर पाहिले ते याच वेळी. "तुम्ही चांगल्या आहात, जिंकाल," असे तिला कोणी सांगितले नव्हते. समोर चारच जणी आहेत, एवढेच सांगितले होते. दिलासा त्यातूनच आला, कारण ती गोष्ट खरी होती आणि तिला स्वतःला मोजून पाहता येत होती.

त्यानंतर त्यांनी दोनच सूचना दिल्या. पहिली चढाईची. त्या कोपऱ्याकडे जायचे नाही, निदान रेषा ओलांडायची, समोरच्या बाजूला चाळवायचे आणि काही मिळत नसेल तर रिकामे परत यायचे. "रिकामी आलीस तर मी रागावणार नाही," असे त्यांनी प्रत्येक चढाईपटूकडे बघून सांगितले. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर ती चढाईपटू बाद होते. म्हणून तिसऱ्या वेळी कोण जाणार हेही त्यांनी तिथेच ठरवले. दुसरी सूचना बचावाची. कोणीही एकटीने पुढे झेप घ्यायची नाही. कोपऱ्यातल्या मुलीने पाय धरला तरच मधल्या दोघींनी आत यायचे. पूर्वार्धात चढाईचे जे पाच गुण गेले, त्यांतले बरेच अशा एकटीच्या झेपांमुळे गेले होते.

उठता उठता आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून सर तिच्याच बोलीत म्हणाले, "घाई नक्को." ती हसली. अर्धा मिनिट उरला होता, तो त्यांनी मुलींना एकमेकींशी बोलायला दिला.

उत्तरार्धाची पहिली चढाई लातूरची होती, कारण सामन्याची सुरुवात नांदेडने केली होती. आपली मुलगी आत गेली, रेषा ओलांडली आणि रिकामी परत आली. प्रेक्षकांतून हसण्याचा आवाज आला. सरांनी टाळी वाजवली. नांदेडची चढाई आली, आपल्या डाव्या कोपऱ्याने पाय धरला, मधल्या दोघी आत आल्या, पकड झाली. त्यांच्या तीन उरल्या आणि आपली एक परत आत आली. पुढच्या चढाईत आपल्याला एक गुण मिळाला, त्यानंतरची चढाई पुन्हा रिकामी. मध्ये आपल्या सात जणी आत आल्यावर नांदेडने एक बोनस घेतला. मग आपल्या चढाईपटूने उरलेल्या दोघींना एकाच चढाईत हात लावला आणि लोण पडले. पाच मिनिटांच्या आत फलक १७-२० झाला.

आता वाचक विचारतील, मग हे सरांच्या बोलण्याने झाले का? आम्हीही घरी आल्यावर हाच विचार करत होतो. त्यावर बाहेर झालेले एक संशोधन उपयोगी पडते. अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या २३ शालेय आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांच्या प्रशिक्षकांचे मध्यंतरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले. अशी ३०४ भाषणे जमली. प्रत्येक भाषणात राग, नाराजी, निराशा किती होती हे ऐकणाऱ्यांकडून ठरवून घेतले आणि मध्यंतराचा गुणफरक व शेवटचा गुणफरक यांच्याशी ते ताडून पाहिले. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यात जे आढळले ते गोड बोलण्याच्या बाजूचे नाही आणि ओरडण्याच्याही बाजूचे नाही. प्रशिक्षकाने नाराजी दाखवली तेव्हा सरासरीने संघ उत्तरार्धात अधिक चांगला खेळला. मात्र हे एका मर्यादेपर्यंतच. राग टोकाला गेला की फायदा नाहीसा होऊन खेळ उलट बिघडू लागला. म्हणजे डाळीतल्या मिठासारखे झाले. अजिबात नसेल तर चव नाही आणि मूठभर पडले तर डाळ फेकून द्यावी लागते.

या संशोधनाच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. ते बास्केटबॉलचे आहे, परक्या देशातले आहे, आणि त्यातले आकडे सरासरीचे आहेत. एखाद्या मुलीला किती राग सोसतो हे त्यातून कळत नाही. आम्हाला त्या दिवशी जे दिसले ते त्याच्या जोडीला ठेवून एवढे वाटते की, राग किती आहे याबरोबर तो कशावर आहे हेही पाहायला हवे. सर त्या सहा चढायांवर रागावले होते. एकाही मुलीचे नाव घेऊन त्यांनी तिला दोष दिला नाही आणि रागाच्या पाठोपाठ काय करायचे ते लगेच सांगितले.

त्याच दुपारी मुलांचा एक सामना झाला. तिथे मागे पडलेल्या संघाचे प्रशिक्षक पाचही मिनिटे नावे घेऊन ओरडत होते. घरी काय तोंड दाखवाल, इथवर बोलणे गेले. मुले पायाच्या बोटांकडे बघत होती, एकानेही पाणी प्यायले नाही. मध्यंतराला ती मुले सहा गुणांनी मागे होती, शेवटी एकोणीस गुणांनी हरली. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, समोरचा संघच अधिक चांगला असू शकतो. पण आपल्या मुलाला काय करायला सांगितले, असे त्या मुलांना विचारले असते तर त्यांना सांगण्यासारखे काहीच नव्हते, हे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

शाळामास्तर आणि प्रशिक्षक म्हटले की आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींना सय्यद अब्दुल रहीम आठवतात. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि रहीमसाहेब त्याच हैदराबादचे. ते पेशाने शाळेत शिकवणारे, पुढे भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गेला होता. अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर आला. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जमवून, मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, उद्याचे सुवर्णपदक, अशा अर्थाचे थोडके शब्द सांगितल्याची आठवण त्यांचे खेळाडू पुढे सांगत राहिले. त्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

ते बोलणे मध्यंतरातले नव्हते, पण आपल्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे. लोकांना त्यातले भेटीचे वाक्य लक्षात राहिले, 'मैदान' या चित्रपटामुळे नव्या पिढीलाही ते कळले. पण त्या वाक्याआधी रहीमसाहेबांनी एक काम केले होते. बचावात खेळणाऱ्या जर्नेलसिंग यांच्या डोक्याला स्पर्धेत दुखापत होऊन टाके पडले होते. त्यांना त्यांनी पुढच्या फळीत आणले. अंतिम सामना भारताने २-१ ने जिंकला. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा आणि दुसरा याच जर्नेलसिंग यांचा. शब्दांना बळ आले ते या फेरबदलामुळे. भेट मागितली होती आणि ती कशी द्यायची याची वाटही दाखवली होती.

पुन्हा नांदेडच्या मैदानाकडे येऊ. शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा फलक २५-२५ होता. आमचा आवाज बसला होता. अम्मी ओठांतल्या ओठांत दुआ करत होती. नेमक्या त्या वेळी आपली एक चढाईपटू आत गेली, वळली आणि तिची पाठ त्याच उजव्या कोपऱ्याकडे झाली. घोटा धरला गेला. पुढच्या चढाईत नांदेडने बोनस घेतला आणि सामना २५-२७ असा संपला. लातूरच्या मुली दोन गुणांनी हरल्या.

आम्हाला हळहळ वाटली, हे खोटे कशाला सांगा. पण कागद पुन्हा पाहिला तर उत्तरार्ध १४-८ असा लातूरचा होता. पूर्वार्धात आपल्या आठ पकडी झाल्या होत्या, उत्तरार्धात तीन. मध्यंतराच्या बोलण्याचा हिशेब असा मांडायला हवा. चषक कोणाकडे गेला यावरून तो मांडला तर पूर्वार्धाची आठ गुणांची तूट सरांच्या पाच मिनिटांच्या माथी मारल्यासारखे होते. सांगितलेल्या दोन गोष्टी मुलींनी पुढच्या पंधरा मिनिटांत केल्या का, हेच पाहायचे. त्या केल्या. शेवटी जी चूक झाली ती थकल्यावर जुनी सवय परत आल्याने झाली. सवय मोडायला पाच मिनिटे पुरत नाहीत, त्यासाठी शाळेच्या मैदानावरचे महिने लागतात, आणि सरही परतीच्या एसटीत हेच म्हणत होते. सोमवारपासून उजव्या कोपऱ्याविरुद्ध रोज वीस चढाया, असे त्यांनी तिथेच ठरवून टाकले.

शेवटी पकडली गेलेली चढाईपटू म्हणजे आमच्याच मोहल्ल्यातली मुलगी. सामना संपल्यावर ती सरांसमोर उभी राहिली तेव्हा आम्ही सगळ्या कान टवकारून होतो. सर म्हणाले, "वळताना कुठं बघत होतीस?" ती म्हणाली, "घड्याळाकडे." "मग आता कळलं," एवढे बोलून त्यांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

रात्री उशिरा आम्ही लातूरला उतरलो. अब्बू स्टँडवर घ्यायला आले होते. त्यांनी आधी लेकीची बॅग घेतली, मग आमच्याकडे पाहून विचारले, "रागावले का सर?"

"रागावले," अम्मीच म्हणाली. "पण तिच्यावर नाही, तिच्या खेळावर. आणि काय करायचं ते सांगून रागावले."

अब्बू थोडा वेळ गप्प चालले. मग लेकीला म्हणाले, "सोमवारी सरावाला किती वाजता सोडायचं?"